भांडणांची नोंद, रागाची नव्हे

भांडण झालं की कालचा गोडवाही आठवत नाही. समेट झाला की जुने ओरखडे विसरतात. म्हणून वहीत त्याच रात्री चार ओळी लिहाव्यात: तारीख, कारण, नेमके शब्द, अबोला किती टिकला नि कुणी मोडला. 'तो नेहमीच असा' हा निकाल झाला, नोंद नव्हे. बरे दिवसही टिपावेत.

समजा, जूनमध्ये पैशांवरून चार भांडणं, प्रत्येकाचा अबोला दोन दिवसांचा. सप्टेंबरमध्ये पाच, पण संध्याकाळपर्यंत बोलणं सुरू. आकडा वाढला, तरी संसार सुधारतोय. उलट, भांडणं घटली ती एकानं विषय काढणंच सोडल्यामुळे, तर ते बिघडणंच. म्हणून गिळलेलं बोलणंही लिहावं.

मारहाण किंवा धमकी असेल, तर महिने मोजू नका. वही घराबाहेर विश्वासू माणसाकडे ठेवा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.