खोलीत ‘इज’ की ‘आर’?

भाचीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. पुण्यात तिच्या फ्लॅटमधली एक खोली ती एका परदेशी विद्यार्थिनीला भाड्यानं देणार होती. करारासोबत जोडायची सामानाची यादी इंग्रजीत हवी होती. “मामा, एवढंच सांग, देअर इज अ बेड, टू चेअर्स अँड अ कपबोर्ड, की देअर आर?” प्रश्न अर्ध्या ओळीचा होता, पण उत्तर द्यायला मला चहा निवेपर्यंत वेळ लागला.

मी तिला आधी मराठीकडेच वळवलं. खोलीत काल काय काय होतं, ते सांग म्हटलं. ती म्हणाली, “एक पलंग आणि दोन खुर्च्या होत्या.” आता उलट्या क्रमानं सांग. “दोन खुर्च्या आणि एक पलंग होता.” सामान तेच, नग तेवढेच, तरी क्रियापद बदललं. निर्जीव वस्तूंची अशी सरमिसळ यादी असली की मराठीत क्रियापद सहसा एकूण नग मोजत बसत नाही. शेजारी जे नाम आलं, त्याचं लिंग आणि वचन घेऊन मोकळं होतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, म्हणून त्याचा शेजारी म्हणजे यादीतलं शेवटचं नाम.

इंग्रजीत गाडी उलटी आहे. तिथं क्रियापद यादीच्या आधी येतं. बोलणाऱ्याला पुढं काय काय सांगायचंय हे तोंडात यायच्या आतच ‘इज’ की ‘आर’ ठरवावं लागतं. त्यामुळं इंग्रजी क्रियापदाचा शेजारी म्हणजे यादीतलं पहिलं नाम. भाचीच्या यादीत पहिला ‘अ बेड’ आहे, एकवचनी. म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस सहज बोलताना बहुधा ‘देअर इज अ बेड, टू चेअर्स अँड अ कपबोर्ड’ असंच म्हणेल. हे अडाणीपणाचं लक्षण नव्हे. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक या चौघांचं इंग्रजीचं जाडजूड व्याकरण १९८५ साली आलं. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ समजावताना त्यांनी व्याकरणाचा हिशोब आणि अर्थाचा हिशोब यांच्या जोडीला जवळिकीचंही तत्त्व मांडलं आहे. जवळच्या नामाची ओढ क्रियापदाला लागते, असा त्याचा मथितार्थ.

मग शाळेत शिकवलेला नियम कुठं गेला? तोही खोटा नाही. ‘देअर’ हा शब्द इथं ‘तिथे’ या अर्थाचा नाहीच, तो कर्त्याची रिकामी खुर्ची अडवून बसलेला आहे. म्हणून तर ‘देअर इज अ बेड देअर’ असं वाक्य होऊ शकतं, त्यातला दुसरा ‘देअर’ तेवढा ‘तिथे’. ज्याच्याबद्दल बोलायचंय ती नामं मागून येतात. ती एकाहून अधिक असून ‘अँड’नं जोडलेली असतील, तर हिशोबानं ती अनेकवचनीच. पडताळा सोपा आहे: ‘देअर’ काढून टाका आणि यादी वाक्याच्या सुरुवातीला आणा. ‘अ बेड, टू चेअर्स अँड अ कपबोर्ड आर इन द रूम.’ इथं ‘इज’ म्हणायला जीभ धजावणार नाही. म्हणून काटेकोर संपादक लिखित मजकुरात ‘देअर आर अ बेड, टू चेअर्स…’ असंच करायला सांगतात.

पण या पडताळ्याची एक मर्यादा आहे. हिशोबानं काय येतं ते तो सांगतो, कानाला कसं लागतं ते सांगत नाही. ‘देअर आर अ बेड’ इथपर्यंत वाचलं की डोळा अडखळतोच, कारण ‘आर’नंतर लगेच ‘अ’. पुढं अनेकवचन येतंय हे वाचणाऱ्याला अजून कुठं कळलंय? यादीतली सगळीच नामं एकवचनी असली, म्हणजे ‘अ बेड अँड अ कपबोर्ड’, तर हे अडखळणं आणखी वाढतं आणि चांगले लिहिणारेही ‘इज’कडे झुकतात.

भाचीला हे सगळं ऐकून वैताग आला. “मग करायचं काय?”

क्रम बदलायचा. जे अनेकवचनी आहे ते पुढं आणायचं: ‘देअर आर टू चेअर्स, अ बेड अँड अ कपबोर्ड इन द रूम.’ आता नग मोजणारा आणि शेजारी बघणारा, दोघंही ‘आर’च म्हणतील. क्रम बदलणं शक्य नसेल, तर ‘देअर’ला निरोप द्यायचा: ‘द रूम हॅज अ बेड, टू चेअर्स अँड अ कपबोर्ड.’ करारासारख्या कागदावर मी तरी हेच करीन. वाद मिटवण्यापेक्षा तो उद्भवूच न देणं स्वस्त पडतं.

ती लिहायला बसली आणि पाच मिनिटांत स्वयंपाकघराच्या यादीवर पुन्हा अडकली. तिनं ‘देअर आर अ बॉक्स ऑफ स्पून्स’ लिहिलं होतं. इथं मात्र शेजार-हिशोब असा वाद नाहीच, साधी चूक आहे. ही यादी नव्हे, एकच डबा आहे. ‘ऑफ’नंतर कितीही चमचे असोत, क्रियापदाचं नातं डब्याशी, म्हणून ‘इज’. डब्याशेजारी तीन पातेली आली की मग यादी सुरू होते. आधी यादी आहे की नाही ते बघायचं, मग वचनाचा विचार करायचा. पुष्कळांची गाडी या पहिल्याच पायरीवर घसरते. ‘सम राइस’सारखी न मोजता येणारी नामंही अशीच फसवतात. तांदूळ कितीही पोती असला तरी ‘राइस’ एकवचनी. तो यादीत पहिला आला की ‘देअर इज सम राइस अँड थ्री अनियन्स’ हे कानाला अगदी सरळ वाटतं.

बोलण्यातला ‘देअर्ज’ ही तर वेगळीच चीज आहे. ‘देअर इज’ आक्रसून झालेला हा शब्द गप्पांमध्ये इतका गोठलाय, की ‘देअर्ज टू चेअर्स’ असंही इंग्रज सर्रास म्हणतात. परीक्षेत ते चालत नाही. पण एक जागा अशी आहे जिथं ‘आर’च विचित्र वाटतं. कुणी विचारलं, घरी कोण कोण आहे, तर उत्तर येतं, ‘वेल, देअर्ज मम, डॅड अँड द ट्विन्स.’ इथं माणसं मोजलेली नसतात. आठवतील तशी एकेक नावं समोर ठेवली जातात. तिथं ‘देअर आर मम, डॅड…’ म्हटलं तर हजेरीपट वाचल्यासारखं होतं. मराठीतही ‘घरात आहे काय? आहे एक खाट, दोन पाट’ असं म्हणताना क्रियापद पुढं सरकतं आणि आपणही पहिल्याच नामावर ‘आहे’ टाकून देतो. दोन पाट मागून आले, तरी कुणाला खटकत नाही.

संध्याकाळी भाचीनं अंतिम यादी पाठवली. खोलीच्या परिच्छेदात खुर्च्या पुढं आल्या होत्या आणि स्वयंपाकघराला ‘हॅज’ मिळालं होतं. खाली त्या मुलीला पाठवलेला मेसेजही चिकटवला होता: ‘देअर्ज अ गीझर अँड टू बकेट्स टू.’ तो मी दुरुस्त केला नाही.