मोजणाऱ्याची ऊब : रोधतापमापक आणि पडलेला वारा

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघालेल्या रस्त्यावर टोकावडे लागते. भाताची कापणी उरकून शेतात वाल पेरला की इथल्या रात्रींचा स्वभाव बदलतो. सूर्य मावळल्यावर जमीन झपाट्याने उष्णता सोडते, उतारावरची गार, जड हवा खाली उतरून सखल भागात साचते आणि वारा पूर्ण पडतो. हिवाळ्यातले सर्वांत कमी तापमान नोंदवायचे ते अशाच निवांत रात्री. आजची विद्युत तापमापके नेमकी याच वेळी सर्वांत जास्त चुकू शकतात. असे का होते आणि ही चूक पकडायची कशी, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

पाऱ्याचा तापमापक हवेकडून उष्णता घेतो किंवा तिला देतो, स्वतः ती निर्माण करत नाही. रोधतापमापकाचे तसे नाही. प्लॅटिनमची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. यावरून तापमान ओळखता येईल, ही कल्पना विल्यम सीमेन्सने १८७१ मध्ये मांडली आणि ह्यू कॅलेंडरने १८८७ मध्ये तिला भरवशाच्या उपकरणाचे रूप दिले. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लॅटिनम घटकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. पण रोध नुसता पाहून कळत नाही. त्यासाठी तारेतून थोडा प्रवाह सोडावा लागतो आणि तारेच्या दोन टोकांमधला दाब मोजावा लागतो. प्रवाह आला की उष्णता आली. इस्त्रीत आणि गिझरमध्ये जे घडते, तेच इथे अतिशय लहान प्रमाणात घडते. तार हवेपेक्षा किंचित गरम होते आणि आपल्याला कळते ते तारेचे तापमान, हवेचे नव्हे. या फरकाला स्वतापनाचा दोष म्हणतात.

हा फरक दोन गोष्टींवर ठरतो : तारेत उष्णता किती तयार होते आणि ती किती सहज बाहेर पडते. पहिली गोष्ट आपल्या हातात असते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रवाह दुप्पट केला की ती चौपट होते आणि पाचपट केला की पंचवीसपट. दुसरी गोष्ट भोवतालच्या हवेच्या हातात असते.

हिशेब करून पाहू. हवेचे खरे तापमान १२ अंश आहे. तारेचा रोध त्या वेळी सुमारे १०४.७ ओहम भरतो. घटक लहान आणि उघडा आहे. वारा पडलेला असताना त्याला भोवतालापेक्षा एक अंश गरम ठेवायला दोन मिलिवॅट शक्ती लागते, असे धरू. एक मिलिअँपिअर प्रवाहाने तारेत ०.१०५ मिलिवॅट शक्ती खर्च होते, म्हणून वाचन सुमारे ०.०५ अंशाने वाढते. दोन मिलिअँपिअरला ही वाढ ०.२१ होते. पाच मिलिअँपिअरला ती १.३ अंशांवर जाते आणि १२ अंशांच्या हवेत उपकरण १३.३ दाखवते. हवेच्या तापमानात ०.१ अंशाची अचूकता हवी, अशी जागतिक हवामान संघटनेची अपेक्षा असते. त्या मापाने एक मिलिअँपिअरची चूक खपून जाते, पाचची मुळीच नाही.

आता वारा सुटला आणि उष्णता तिप्पट वेगाने निघून जाऊ लागली, असे समजा. मग पाच मिलिअँपिअरची चूक १.३ वरून ०.४ अंशावर येते. खरी अडचण या बदलण्यात आहे. चूक कायम एकसारखी असती तर ती वजा करून टाकता आली असती. पण ती वाऱ्याच्या दिवशी लहान आणि निवांत रात्री मोठी होते, म्हणून दिवसाचा आकडा बराचसा बरोबर येतो आणि रात्रीचा थंडावा मात्र कमी दिसतो. एखाद्या ठिकाणी पाऱ्याचा तापमापक काढून असे उपकरण बसवले, तर तिथल्या रात्री अचानक उबदार झाल्याचे नोंदवहीतून दिसेल. हवेत मात्र काहीच बदललेले नसेल.

हा एका अंशाचा फरक वालाच्या शेताला भोवतो तो आर्द्रतेच्या वाटेने. १२ अंशांच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ९८ टक्के आहे आणि तिच्यातली वाफ वेगळ्या साधनाने बरोबर मोजली आहे, असे समजा. त्या वाफेवरून आर्द्रता काढताना तापमान १३.३ धरले, तर उत्तर ९० टक्के येते. दवाने भिजलेल्या पहाटेची नोंद त्यामुळे बरीच कोरडी होते. पाने किती तास ओली राहिली यावरून बुरशीजन्य रोगांचा अंदाज बांधणाऱ्याला ही नोंद फसवते.

नेहमीच्या तपासणीत हा दोष बहुधा सापडत नाही. तापमापक तपासायचा म्हणजे तो बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि शून्य दाखवतो का ते पाहायचे. पण ढवळलेले पाणी निवांत हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून घेते. पाण्यात त्याच घटकाला एक अंश गरम ठेवायला ४० मिलिवॅट लागत असतील, तर पाच मिलिअँपिअरची चूकही तिथे जेमतेम ०.०६ अंश भरेल. बर्फातली परीक्षा खरी असते, फक्त ती पाण्यापुरती असते. घटकाच्या माहितीपत्रकात स्वतापनाचा आकडा छापलेला असतो. तो वाचताना पाणी, वाहती हवा आणि स्थिर हवा यांपैकी तो कशातला आहे, हे आधी पाहावे.

दोष पकडायची सर्वांत स्वच्छ रीत म्हणजे एकच हवा दोन प्रवाहांनी मोजणे. आमच्या उदाहरणात एक मिलिअँपिअरला १२.०५ आणि दोनला १२.२१ असे वाचन येते. दुसऱ्या वेळी उष्णता चौपट होती, म्हणजे मधला ०.१६ चा फरक हा पहिल्या चुकीच्या तिप्पट आहे. त्याचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे ०.०५, पहिल्या वाचनातून वजा केला की १२.०० उरते. जणू प्रवाह सोडलाच नाही, असे हे तापमान. प्रमाणित प्लॅटिनम तापमापकांसाठी प्रयोगशाळांतही हीच रीत वापरतात. तिथे दुसरा प्रवाह पहिल्याच्या १.४१४ पट ठेवतात, म्हणजे उष्णता बरोबर दुप्पट होते. मात्र प्रत्येक प्रवाहावर वाचन स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. निवांत हवेत याला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढ्यात हवेचेच तापमान सरकते. म्हणून मी एक, दोन आणि पुन्हा एक असा क्रम ठेवतो आणि दोन्ही टोकांच्या वाचनांची सरासरी घेतो.

घटकावर पंखा सोडला आणि वाचन उतरले, तरी संशय घ्यायला जागा होते. पण ही परीक्षा दिवसा करू नये. उन्हाने तापलेल्या पेटीतही पंख्याने वाचन उतरते आणि दोन कारणांची गल्लत होते.

मग प्रवाह अगदी क्षुल्लकच का ठेवू नये? कारण प्रवाहाबरोबर संकेतही बारीक होतो. एक मिलिअँपिअरला दर अंशामागे ०.३८५ मिलिव्होल्ट मिळतात, एक दशांश मिलिअँपिअरला त्याच्या दहावा भाग, म्हणजे ३८.५ मायक्रोव्होल्ट. तांबे आणि प्लॅटिनम यांच्या दोन जोडांत एका अंशाचा फरक पडला, तर तेवढ्यानेच सुमारे सात मायक्रोव्होल्ट तयार होतात. मोठ्या प्रवाहाला त्याने ०.०२ अंशाचाही फरक पडत नाही, पण लहान प्रवाहात जवळजवळ ०.२ अंशाची नवी चूक शिरते. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजले आणि सरासरी घेतली की जोडांचा हा दाब निघून जातो, पण संकेतातला गोंगाट उरतोच.

यातून सुटायचा मार्ग वेळेत आहे. हवेचे तापमान अखंड मोजायची गरज नसते. दहा सेकंदांतून एकदा, एक दशांश सेकंदापुरताच प्रवाह सोडला, तर सरासरी उष्णता शंभरावर एक भाग उरते. अट इतकीच की तेवढ्या वेळात परिपथातला दाब स्थिर झाला पाहिजे, नाहीतर अर्धवट चढलेला दाबच तापमान म्हणून नोंदला जाईल. बॅटरीवर चालणाऱ्या नोंदयंत्रात ही सोय असेल तर मी एक मिलिअँपिअर प्रवाह थोड्या वेळासाठी सोडतो. ती नसेल तर सतत वाहणारा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या वर नेत नाही. शिवाय प्रत्येक नोंदवहीच्या पहिल्या पानावर प्रवाहाचा आकडा लिहितो, म्हणजे पुढे कोणी दोन साधनांच्या रात्री एकमेकांशी ताडून पाहील, तेव्हा कोणती ऊब हवेची आणि कोणती तारेची, हे त्याला वेगळे करता येईल.