फोटोत नंतर आलेली आत्या

लग्नाच्या ग्रुप फोटोत हजर नसलेल्या माणसाला मागाहून उभं करून देणं हे स्टुडिओवाल्यांचं नेहमीचं काम. त्यामुळे फोटो एडिटिंगच्या वर्गात सरावालाही असाच फोटो सोयीचा पडतो. समजा, फोटो अंगणातला आहे आणि संध्याकाळचं तिरपं ऊन डावीकडून येतंय. आत्याला लग्नाला येता आलं नाही. तिचा जो फोटो मिळाला तो तिच्या उंच मुलाने भर दुपारी गच्चीवर मोबाइलने काढलेला. विद्यार्थ्याने तिला काकूंच्या शेजारी उभं केलं आणि काम तपासणीसाठी वर्गातल्याच दुसऱ्याकडे गेलं.

तपासणाऱ्याच्या यादीत चार गोष्टी असतात: कडा, प्रकाश, पर्स्पेक्टिव्ह आणि त्वचेचा रंग. बहुतेक जण कडांपासून सुरुवात करतात, कारण कापलेली कड लगेच डोळ्यांत भरते. हा क्रम उलटा हवा. कड पुन्हा घासता येते. कॅमेऱ्याची उंची चुकली असेल तर केसांच्या बटा सोडवण्यात घालवलेली सगळी दुपार फुकट जाते.

कॅमेऱ्याची उंची फोटोतूनच कळते. अंगणातल्या फरशीच्या मागे जाणाऱ्या दोन समांतर रेषा पट्टीने पुढे वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूच्या पातळीवर क्षितिजरेषा असते आणि ती कॅमेऱ्याच्या भिंगाइतक्याच उंचीवरून जाते. जमीन सपाट असेल तर ही रेषा पुढच्या-मागच्या सगळ्या माणसांना जमिनीपासून सारख्याच उंचीवर छेदते. भिंग चार फुटांवर असेल तर साडेपाच फुटी काकांच्या छातीवरून आणि पाच फुटी काकूंच्या खांद्याजवळून ती जाईल. आत्याही पाच फुटी असेल, तर तिच्याही खांद्याजवळूनच जायला हवी. जात नसेल तर तिचा आकार किंवा पाय टेकलेली जागा चुकलीय. एवढं दुरुस्त करणं सोपं.

पण आत्याचा मूळ फोटो तिच्या डोळ्यांपेक्षा वरून घेतलेला आहे. तिच्या खांद्यांचा वरचा भाग आणि भांग जास्त दिसतो, पाय लहान वाटतात. तिला कितीही लहानमोठं केलं तरी हा कोन बदलत नाही. तपासणाऱ्याने इथे ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच लिहिलं तर करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ‘क्षितिजरेषा काकूंच्या खांद्यावर आहे, पण आत्याकडे वरून पाहिल्यासारखं दिसतं’ असं लिहिलं तर तो नेमकं तिथेच बघेल.

आता प्रकाश. गच्चीवर ऊन जवळजवळ डोक्यावरून, जरा उजवीकडून आलेलं. विद्यार्थ्याने युक्ती केली आणि आत्याला आरशातल्यासारखं उलटं केलं. प्रकाश डावीकडे आला खरा, पण पदरही डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेला. तपासणाऱ्याने हसून विचारलं, ‘आत्या गुजराती कधीपासून?’ उलटं केलेलं ओळखायला पदर, शर्टाचा खिसा, पाटीवरची अक्षरं पाहायची. आणि उलटं करूनही उन्हाची उंची बदलत नाहीच: काकूंच्या नाकाची सावली गालावर तिरपी पडलीय, आत्याची सरळ ओठांकडे उतरलीय आणि डोळ्यांच्या खोबणीही काळ्या आहेत. जमिनीवर इतरांच्या लांब सावल्या उजवीकडे पसरलेल्या असताना तिच्या पायाशी काहीच नसेल, तर ती अधांतरी तरंगल्यासारखी दिसते. सावली रंगवताना पाऊल टेकतं तिथे ती सर्वात गडद हवी.

त्वचेचा रंग नुसत्या नजरेने ठरवू नये. आयड्रॉपर 5 × 5 पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून दोघींच्या गालांचा सारखा उजळलेला, चमक नसलेला भाग मोजायचा. समजा, काकूंचा गाल लाल 190, हिरवा 135, निळा 100 दाखवतो आणि आत्याचा 176, 138, 122. माणसांचा वर्ण वेगळा असतोच, म्हणून दोघींचे आकडे एकसारखे करायचे नाहीत. इथे गजरा कामाला येतो. संध्याकाळच्या उन्हात काकूंचा पांढरा गजरा पिवळसर आहे, आत्याचा निळसर. म्हणजे फरक उन्हाच्या रंगातला आहे. आत्याच्या लेयरपुरता कर्व्ह्ज लावून निळा खाली आणि लाल थोडा वर न्यायचा, दोन्ही गजरे जुळले की थांबायचं. या निमित्ताने आत्याला गोरं करून टाकलं असेल, तर तीही चूक म्हणूनच नोंदवावी.

कडा शेवटी, आणि 100 टक्के झूमवर. केसांभोवती गच्चीवरच्या आकाशाची फिकी झालर राहिलीय का, झिरझिरीत पदरातून जुनी भिंत दिसते का, एवढं बघायचं. झालरीसाठी Select and Mask मधलं Decontaminate Colors बऱ्याचदा पुरतं. पदराला हाताने मास्क करावा लागतो.

या फोटोच्या कागदावर मात्र कडांचा रकाना कोराच ठेवणं योग्य. शेरा असा हवा: फोटो पुन्हा मागवावा, संध्याकाळी, ऊन तिच्या उजव्या हाताकडून येईल असं उभं करून, मोबाइल जमिनीपासून चार फुटांवर धरून.