पाळीचा महिना आणि चेहऱ्याची कातडी

राणीसावरगावच्या या व्याख्यानात आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. चेहरा महिन्याच्या सगळ्या दिवसांत सारखा नसतो, मग त्याला रोज तेच का लावायचं?

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. तिथून पुढे इस्ट्रोजेन हळूहळू वाढतं आणि कातडी बऱ्यापैकी शांत, ओलसर राहते. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडतं आणि प्रोजेस्टेरॉन वाढू लागतं. चेहरा तेलकट वाटायला लागतो तो बहुतेकींना याच काळात. पण बघा, सगळा दोष तेलाचा नाही. याच दिवसांत तेलाच्या ग्रंथीचं तोंडही थोडं आकसतं, त्यामुळे तेल बाहेर यायच्या ऐवजी आत साचतं. त्यावर जंतू वाढतात, आणि पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर नि जबड्याच्या कडेला दुखरी मुरुमं उठतात. म्हणजे आज दिसलेल्या मुरुमाची सुरुवात बरीच आधी झालेली असते.

आता दुसरी बाजू. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९९१ मध्ये बायकांच्या हातावर साबणातला फेस करणारा घटक लावून पाहिला. तोच घटक, तीच बाई, पण पाळीच्या पहिल्या दिवशी कातडी जास्त चिडली. नवव्या ते अकराव्या दिवशी कमी. आणि आपण नेमकं उलट करतो. मुरुमं दिसली, पाळी आली, की त्याच दिवशी लिंबू, बेसन, खरखरीत स्क्रब, दोनदा साबण! बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा थर धुऊनही नीट निघत नाही आणि आग वाढते.

एक उदाहरण तारखांसह मांडू. समजा एखादीची पाळी ५ जूनला आली आणि तिचं चक्र तीस दिवसांचं आहे. पुढची पाळी ५ जुलैच्या आसपास. तिथून दहा दिवस मागे मोजलं की २५ जून. आपलं काम मुरूम दिसायच्या आधी, या तारखेला सुरू होतं. रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करायचा आणि अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल हरभऱ्याच्या दाण्याएवढं घेऊन हनुवटी-जबड्याच्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. फक्त मुरुमावर ठिपका दिला तर उशीर झालेला असतो. पहिल्या तीन रात्री अर्ध्या तासाने धुवायचं, सोसलं तर मग रात्रभर. एक सांगून ठेवतो, हे जेल कपड्याचा रंग उडवतं; उशीवर जुनं पांढरं फडकं टाका, नाहीतर ओढणी गेली म्हणून समजा.

पाळी सुरू झाली की तीन-चार दिवस जेल बंद. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, एवढंच. थ्रेडिंग, ब्लीच, नवी क्रीम हे सगळं ९ जुलैनंतरच्या आठवड्यावर ढकला. नवी वस्तू आणली असेल तर तीही तेव्हाच, आधी कानामागे लावून दोन दिवस बघायची.

ज्यांना महिनाभर मुरुमं असतात त्यांना हे पुरणार नाही. त्यांना डॉक्टर अॅडापलीनसारखं औषध देतात, आणि ते पाळीकडे न बघता रोज रात्री, निदान बारा आठवडे लावावं लागतं. गरोदर असाल किंवा होण्याच्या विचारात असाल, तर ते नको.

सगळ्यात जास्त नुकसान आम्हाला दिसतं ते वेगळ्याच ट्यूबने. पाळीत चेहरा लाल झाला की कुणीतरी 'गोरी करणारी' क्रीम सुचवतं. त्यात बहुतेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं. ही स्टेरॉइडं आहेत. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा लावली जाते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, आणि क्रीम थांबवली की आग होऊन पुटकुळ्या उसळतात. ट्यूब घेण्याआधी मागची नावं वाचा. बरेच महिने लावून झालं असेल तर एकदम सोडू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून कमी करा.

आपली मुरुमं पाळीचीच आहेत हे कसं ओळखायचं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करतोच आपण. नवं मुरूम उठलं त्या दिवशी तिथेच एक टिंब द्या. तीन महिन्यांनी टिंबं गोलाच्या आधीच्या आठवड्यात दाटलेली असतील, तर वरचं वेळापत्रक तुमच्यासाठी. सगळीकडे विखुरलेली असतील तर दोष तेलाचा, हेल्मेटच्या पट्ट्याचा किंवा एखाद्या क्रीमचा असू शकतो. आणि दोन गोलांमध्ये पस्तीस दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, सोबत हनुवटीवर राठ केस येत असतील, तर जेलवर पैसे घालवण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तिथे पीसीओएसची तपासणी लागेल.