सनावळी पडद्यावर, गोष्ट आवाजात

कंपनीच्या वर्धापनदिनाच्या चित्रफितीसाठी निवेदन लिहायचं ठरलं, की कार्यालयाकडून आधी येतो तो सनावळीचा तक्ता. तोच वाचून दाखवला, तर तिसऱ्या सालापर्यंत प्रेक्षकांचं लक्ष उडतं. आकडा डोळ्यांना पटकन टिपता येतो, कानाला तो जड जातो. म्हणून साल पडद्याच्या कोपऱ्यात लिहावं आणि आवाजाने माणसांविषयी बोलावं.

किर्लोस्करांचा इतिहास घेऊन पाहू. तक्त्यात तो असा दिसेल: 1888, बेळगावात सायकलचं दुकान, 1903, लोखंडी नांगर, 1910, किर्लोस्करवाडी. या तीन नोंदींत खरी गोष्ट मधल्या नांगराची आहे. लोखंडाने जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांना भीती होती, त्यामुळे तयार नांगर बराच काळ विकले जाईनात. निवेदन तिथूनच सुरू करावं. मी ते असं लिहीन: ‘नांगर तयार होता. घेणारा मात्र कोणी नव्हता. लोखंड लागलं तर काळी आई नासेल, असं लोक म्हणत. लक्ष्मणराव थांबले नाहीत.’ यात एकही साल नाही, तरी पुढे काय झालं ते ऐकावंसं वाटतं. मग बेळगावची जागा सोडावी लागणं, औंधच्या राजांनी दिलेला कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ आणि तिथे उभं राहिलेलं गाव हे सगळं त्याच ओघात येतं. ‘मग’, ‘तोवर’, ‘पहिलं पीक हाती आलं तेव्हा’ एवढ्या शब्दांवर काळ पुढे सरकतो.

एखादं साल मात्र मोठ्याने म्हणावंच लागतं. सगळ्या चित्रफितीत अशी एक-दोनच सालं ठेवावीत, म्हणजे ती लक्षात राहतात.

आपुलकी विशेषणांनी येत नाही. ‘गौरवशाली वाटचाल’, ‘उत्तुंग भरारी’ हे शब्द कुठल्याही कंपनीला चिकटतात, त्यामुळे ते आपल्याच कंपनीविषयी आहेत असं कामगारांना वाटत नाही. भट्टीवरच्या माणसाचं काम, संपाचं किंवा तोट्याचं वर्ष यांना दोन सरळ वाक्यं द्यावीत. अशी वर्षं गाळली, तर जुन्या कामगारांना ते लगेच कळतं आणि पुढच्या कौतुकावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

मोजमापही सांभाळावं लागतं. निवांत मराठी निवेदनात मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द बसतात. म्हणजे चार मिनिटांच्या चित्रफितीत चारशेच्या वर जागा असते, पण तीनशेच्या आसपासच लिहावेत. उरलेला वेळ यंत्रांच्या आवाजाला आणि जुन्या छायाचित्रांना द्यावा. छायाचित्रात दिसतं तेच निवेदकाने पुन्हा सांगू नये. चेहरा दिसत असताना त्या माणसाचा स्वभाव सांगावा.

ध्वनिमुद्रणाआधी मजकूर कारखान्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडायचं. ऐकता ऐकता तो ‘तसं नव्हतं हो’ म्हणाला, तर पेन्सिल त्याच्या हातात द्यायची.