ओठ सुजला, पापणी सुजली: गोळी पुरे की दवाखाना?

रात्री झोपताना चेहरा नेहमीसारखा होता आणि सकाळी आरशात पाहिलं तर वरचा ओठ एका बाजूने टम्म सुजलेला. किंवा डाव्या डोळ्याची पापणी इतकी फुगलेली, की डोळा जेमतेम किलकिला होतो. दुखत नाही, फक्त ताणल्यासारखं वाटतं. घरात लगेच निदान होतं, ‘काहीतरी चावलं असेल’ किंवा ‘पित्त उठलंय’. मग औषधांच्या डब्यातून सेट्रिझिनची गोळी निघते आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतंही. पण काही माणसांत हीच गोळी पाण्याच्या घोटाइतकीच उपयोगी असते, आणि ती माणसं नेमकी कोण हे आधी कळलं तर जीव वाचू शकतो.

या सुजेला वैद्यकीय भाषेत अँजिओएडेमा म्हणतात. 1882 मध्ये हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरांनी तिचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा त्वचेच्या वरच्या थरात द्रव झिरपतो. अँजिओएडेमात तोच प्रकार खोलवर, त्वचेखालच्या सैल थरात होतो. ओठ आणि पापण्यांचं कातडं पातळ, त्याखालचा थर सैल, म्हणून सूज तिथे पटकन भरते. जीभ, घसा आणि स्वरयंत्राच्या आतल्या अस्तरालाही असाच सैल थर असतो. ओठाची सूज माणसाला विद्रूप करते, पण धोका निर्माण होतो तो या आतल्या जागांमुळे.

द्रव झिरपतो तो रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल झाल्यामुळे. त्या सैल करणारी मुख्य रसायनं दोन आहेत: हिस्टामिन आणि ब्रॅडिकिनिन. सूज कोणामुळेही आली तरी वरून दिसते जवळपास सारखीच. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन या अँटीहिस्टामिन गोळ्या मात्र फक्त पहिल्या रसायनाचा रस्ता अडवतात. सगळा घोटाळा इथेच होतो.

दवाखान्यांत येणाऱ्या अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र केल्या, तर दोन ठळक चित्रं उभी राहतात.

पहिलं चित्र एका तरुणीचं. दाढ ठणकत होती म्हणून तिने दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेतली. दीडएक तासाने पापणीला खाज सुटली, पाहता पाहता ती फुगली, आणि कमरेवर लालसर गांधीही उठल्या. हे हिस्टामिनचं काम. त्याची लक्षणं अशी, की सूज काही मिनिटांत ते एकदोन तासांत चढते, बहुधा खाज असते आणि बऱ्याचदा सोबत गांधी दिसतात. मागे वळून पाहिलं तर एखादं कारणही सापडतं. कोळंबी, शेंगदाणे, काजू, अंडं, पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक, गांधीलमाशीचा डंख किंवा या मुलीसारखी वेदनाशामक गोळी. कधी कारण काहीच सापडत नाही, आणि तेही नेहमीचंच आहे.

अशा वेळी प्रौढ माणसाने सेट्रिझिन 10 मिलीग्रॅम किंवा लिव्होसेट्रिझिन 5 मिलीग्रॅमची एक गोळी घ्यावी. साधारण तासाभरात खाज आणि गांधी कमी होऊ लागतात. सूज खोल असल्याने सावकाश उतरते, तिला एकदोन दिवस लागू शकतात. तेव्हा दोन तासांनी पापणी अजून जाड आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. ती वाढत नाही ना, आणि नव्या जागी पसरत नाही ना, हे पाहायचं. लहान मुलांना मात्र मात्रा वजनावरून ठरते, ती डॉक्टरांनाच विचारावी. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या अशा वेळी टाळलेल्या बऱ्या, कारण रुग्ण गोळीने पेंगतोय की त्याची तब्येत बिघडतेय, हे घरच्यांना कळत नाही. गांधींवर आमसुलाचं पाणी लावण्याची रीत अनेक घरांत आहे. ओठ किंवा जीभ सुजली असेल तर त्यात वेळ घालवू नये. या तरुणीने यापुढे डायक्लोफेनॅक घ्यायची नाहीच, शिवाय आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही त्याच जातीची औषधंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. आणि प्रत्येक डॉक्टरला हे आठवणीने सांगायचं.

हिस्टामिनची सूज म्हणजे नेहमीच सौम्य, असंही नाही. ओठ सुजला, त्यासोबत दम लागला किंवा छातीत घरघर झाली, चक्कर आली, घाम फुटून माणूस पांढरा पडला, वारंवार उलट्या झाल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिस ही साऱ्या शरीराची तीव्र ॲलर्जी समजावी. तिथे गोळीचा उपयोग नाही. गोळी खाज कमी करते, पण खाली गेलेला रक्तदाब वर आणत नाही आणि आवळलेला श्वास मोकळा करत नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन करतं. प्रौढांना 0.5 मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. स्वतः टोचून घ्यायची तयार पेनं परदेशांत मिळतात तशी आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून जवळचं जे रुग्णालय गाठता येईल तिथे जायचं किंवा 108 ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावं, पण उभं करून चालवू नये. इंजेक्शनने बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबावं लागतं, कारण काहींमध्ये लक्षणं उतरून पुन्हा उसळतात.

आता दुसरं चित्र. साठीच्या आसपासचे गृहस्थ. रक्तदाबासाठी चार वर्षं रोज रामिप्रिल घेतात, कधी त्रास नाही. दुपारी खालचा ओठ जड वाटू लागला, चारच्या सुमारास अर्धा ओठ सुजला. खाज नाही, अंगावर एकही गांध नाही. पाचला सेट्रिझिन घेतली, काही फरक नाही. सातला आणखी एक. आठ वाजता जीभ जड झाली, बोलणं बोबडं येऊ लागलं आणि आवंढा गिळताना अडखळायला लागलं.

ही ब्रॅडिकिनिनची सूज. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही सगळी एका गटातली, ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावांची औषधं. शरीरातलं एक एन्झाइम अडवून ती रक्तदाब कमी करतात. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकिनिन मोडायचंही काम करतं. ते अडलं की ब्रॅडिकिनिन साठतं. याचा इतिहासही विलक्षण आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषामुळे रक्तात ब्रॅडिकिनिन तयार होतं, हे 1949 मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं. पुढे त्याच विषात ब्रॅडिकिनिनला बळ देणारे घटक सापडले आणि त्या धाग्यावरून या गटातलं पहिलं गोळीरूप औषध, कॅप्टोप्रिल, तयार झालं. ही औषधं लाखो लोकांचं हृदय आणि मूत्रपिंड सांभाळतात. सूज येते ती फार थोड्यांना, साधारण हजारात एक ते सात जणांना.

ती बहुतेकांना सुरुवातीच्या काही आठवड्यांत येते, पण वर्षानुवर्षं औषध पचल्यावरही येऊ शकते. त्यामुळे ‘इतकी वर्षं घेतोय, काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ही सूज काही तासांत हळूहळू चढते आणि एक ते तीन दिवसांत आपोआप उतरते. त्या गृहस्थांना रुग्णालयात विचारल्यावर आठवलं, की गेल्या काही महिन्यांत दोनदा ओठ सुजला होता. दोन्ही वेळा त्यांनी सेट्रिझिन घेतली आणि दुसऱ्या दिवशी ओठ पूर्ववत झाला. सूज आपली आपण गेली होती, श्रेय गोळीला मिळालं. रामिप्रिल चालूच राहिली आणि तिसरी सूज जिभेवर आली.

रुग्णालयात अशा रुग्णाला ॲड्रेनॅलिन, स्टेरॉइड आणि अँटीहिस्टामिनची इंजेक्शनं बहुधा दिली जातात, कारण पहिल्या काही मिनिटांत ॲलर्जी नाहीच असं ठामपणे म्हणता येत नाही. मात्र त्यांचा गुण फारसा येत नाही. खरा उपचार म्हणजे श्वासाचा रस्ता राखणं. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात, आणि सूज वाढत असेल तर वेळीच श्वासनलिकेत नळी घालतात. उशीर झाला तर सुजलेल्या घशातून नळी जात नाही, गळ्याला छेद द्यावा लागतो. म्हणूनच आवाज बदलला की निघायचं, दम लागायची वाट पाहायची नाही.

‘प्रिल’ घेणाऱ्याचा ओठ किंवा जीभ एकदा जरी सुजली, तरी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. या गटातलं कोणतंच औषध पुन्हा घ्यायचं नसतं. डॉक्टर दुसऱ्या गटातलं, बहुधा टेल्मिसार्टन किंवा अम्लोडिपिनसारखं, औषध निवडतात. बंद केल्यावरही काही आठवडे सूज पुन्हा येऊ शकते, एवढं लक्षात असू द्यावं.

ब्रॅडिकिनिनची सूज आणणारा एक आनुवंशिक आजारही आहे. साधारण पन्नास हजारांत एकाला तो असतो. रक्तातलं सी-वन इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी पडल्याने लहानपणापासून चेहरा, हात-पाय अधूनमधून सुजतात, आणि आतड्याला सूज आल्याने पोटात असह्य कळा येतात. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. खाजेविना सूज वरचेवर येत असेल आणि घरात आणखी कुणाला असं होत असेल, तर रक्तातली सी-फोर ही चाचणी आधी करतात. सूज घशात उतरली तर सी-वन इनहिबिटरचं इंजेक्शन लागतं; ते हाताशी नसेल तर रक्तपेढीतला प्लाझ्मा वापरतात.

घरच्या घरी निवाडा करायचा तर आधी रुग्णाला बोलायला लावावं आणि थुंकी गिळायला सांगावं. आवाज घोगरा किंवा बोबडा, लाळ गळते, जीभ सुजली, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, चक्कर येते, यातलं एक जरी असेल तर गोळीचा विचार न करता निघावं. आवाज स्वच्छ, गिळणं-श्वास ठीक, सूज फक्त पापणीवर किंवा ओठावर आणि सोबत खाज-गांधी असतील, तर गोळी घेऊन काही तास लक्ष ठेवणं पुरेसं आहे. पापणी लाल, गरम, दुखरी असून ताप असेल तर तो जंतुसंसर्ग. दोन्ही पापण्या रोज सकाळी सुजत असतील तर लघवीची तपासणी करून मूत्रपिंडाकडे पाहावं लागतं. तिथे या गोळ्यांचं काम नाही.

आणि घरात ज्यांना रक्तदाबाची औषधं चालू आहेत, त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव आजच वाचून ठेवा. ते ‘प्रिल’ने संपत असेल तर औषध मनानं बंद करू नका, पण ओठ सुजला तर काय करायचं, हे त्यांना आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.