दुमडलेला दंड

जोडाक्षरांची सुरुवात स, त, ल, म अशा उभ्या दंडाच्या अक्षरांनी करावी. 'पुस्तक'साठी पु, स, त, क ही चार कार्डे घ्या. मुलाला शब्द सावकाश म्हणू द्या. 'स'वर न थांबता आवाज 'त'कडे जातो, हे आधी कानाला कळायला हवे. मग 'स'च्या कार्डाची दंडाची कड मागे दुमडून ते 'त'ला भिडवा: स्त. मूल 'पुत्सक' लिहीत असेल, तर बहुधा ध्वनींचा क्रम नीट ऐकलेला नसतो. पुन्हा उच्चाराकडे वळा.

'र' मात्र शेवटी घ्यावा. 'चक्र'मध्ये तो 'क'नंतर उच्चारला जातो आणि त्याच्या पायाशी बसतो. 'अर्क'मध्ये आधी उच्चारूनही 'क'च्या डोक्यावर चढतो. इथे दुमडून भागत नाही, रफाराचे वेगळे कार्ड लागते. हे दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नका.